उत्तरेचा दीड मीटर

गुंडुमामांना घर दाखवायची भारी हौस. घर अजून नव्हतंच, पण ही अडचण त्यांनी कधी मनावर घेतली नाही. रविवारी सकाळी मैसूरजवळ बोगादीला आपल्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर जायचं, पुडीतली रांगोळी मुठीत घ्यायची आणि जमिनीवर पूर्ण मापाचं घर काढायचं. मग जो कोणी तावडीत सापडेल त्याला हाताला धरून आत फिरवायचं. हा हॉल. हे स्वयंपाकघर. इथं चपला काढा. मी एकदा भिंतीतून चालत गेले तर खरोखरच रागावले.

त्यांच्या घरात पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे. आजोबांनी लाकडी ठशांनी छापलं, वडिलांनीही छापलं. मामांनी ठसे सोडून जाळीची, म्हणजे स्क्रीनची छपाई धरली, कापडी फलक आणि लग्नाच्या पिशव्या छापल्या. पुढं यंत्रांनी तेही काम खाल्लं, तेव्हा विजयनगरात सायकलच्या सीट-कव्हरांपासून देवाच्या पडद्यांपर्यंत मिळेल ते शिवायचं दुकान टाकलं. धंदा बदलला तरी हात छापणाऱ्याचेच राहिले. मोकळी जागा दिसली की त्यांना तिच्यावर काहीतरी उमटवावंसं वाटायचं.

आणि स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. आमच्याकडे आले की खुर्चीवर टेकायचे, चहा येईपर्यंत दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचे. कप हातात आला की उभ्यानंच प्यायचे. आम्ही विजयनगरात ज्या घरात राहायचो त्याच्याच वरच्या मजल्यावर हे आमचे मानलेले मामा आणि कमलाक्षीमामी भाड्यानं राहायचे, त्यामुळे त्यांच्या येरझाऱ्या आमच्या छपरावरून ऐकू यायच्या. आई म्हणायची, गुंडुराव विचार करतायत. मी म्हणायची, फरशी झिजवतायत.

पण त्या येरझाऱ्यांना एक कारण होतं आणि ते कारण वरच्या खोलीत पलंगावर बसलेलं असायचं. मामी वर जायच्या जिन्यावरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं, सळी बसवली, चालायला वॉकर आला. वॉकर घेऊन खोलीत फिरता येतं, जिना उतरता येत नाही. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायचं. वरच्या घरातली न्हाणी इतकी अरुंद की वॉकर दारातच ठेवावा लागायचा आणि मग मामांच्या खांद्याला धरून आत जायचं. दिवसा मामा दुकानात. मामींनी दुपारी पाणी पिणंच सोडून दिलं होतं. हे मला आईनं सांगितलं, कारण मामी असलं कधी बोलल्या नसत्या.

तर घर हवं होतं ते यासाठी. खालच्या मजल्यावर मामींची खोली आणि तिला लागून अशी न्हाणी, की वॉकरसकट आत जाऊन, वळून, कुणाला हाक न मारता बाहेर येता येईल. मामा हे सगळ्यांना सांगायचे. मुलाची गोष्टही तेवढ्याच हौसेनं सांगायचे. मुलगा पवनकुमार बेंगळुरूत होता, त्याची बायको पूजिताही तिथंच शाळेत शिकवायची. वर पवनची खोली, बाहेरून जिना, म्हणजे सून-मुलगा आले की त्यांचं त्यांना मोकळं. रांगोळीच्या घरातून आपण बाहेर पडलो की मामा हात वर करून आकाशातली ती खोली दाखवायचे आणि आपणही मान वर करून बघायचं, असा रिवाज होता.

मी सिव्हिल इंजिनिअर. घरांचे नकाशे करून मंजुरीला पाठवते, सही माझी असते. तरी मामांनी मला नकाशा काढायला सांगितला तो सगळं ठरवून झाल्यावर. पुनीत मेस्त्रीला विसार दिला होता. गुद्दली पूजेचा मुहूर्त काढला होता, म्हणजे पहिली कुदळ मारायचा दिवस पक्का. ज्योतिष बघणाऱ्या जोयिसांकडून घराचं मापसुद्धा आणलं होतं. मग एका सकाळी माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर साइटचे कागद ठेवून, अर्थात उभ्यानंच, म्हणाले,

"नमिता, हे घे ग. घर तयार आहे, तू नुसतं कागदावर छापून दे. आय्तु, झालं."

"माप काय?"

"एकतीस बाय तेवीस. ध्वजाय."

आमच्याकडे घराचं माप असंतसं ठरत नाही. बाहेरून बाहेर लांबी गुणिले रुंदी, फुटात, त्याला आठानं भागायचं आणि बाकी बघायची, तिलाच आय म्हणतात. एक उरला तर ध्वजाय, सगळ्यात चांगला. तीन सिंह, पाच वृषभ, सात गज, हेही चालतात. सम आकडा उरला की लोक तोंड वाकडं करतात, आणि काहीच उरलं नाही तर तो काक, तिकडे कुणी फिरकत नाही. एकतीस गुणिले तेवीस सातशे तेरा. आठानं भागून बाकी एक. जोयिसांचं गणित बरोबर होतं. माझा या आयावर विश्वास आहे का, हे मला कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. लोकांना त्या घरात झोपायचं असतं.

"पण तेवीस बसतं का?" मी विचारलं.

"न बसायला काय झालं? तीस-चाळीसची साइट. दोन्ही बाजूंना तीन-तीन सोडले, राहिले चोवीस. एक फूट जास्तच आहे. समोर पाच, मागं तीन, राहिले बत्तीस. मी काय खुळा आहे?"

खुळे ते मुळीच नव्हते, आणि म्हणूनच मला आधी काही वेगळं वाटलं नाही. मी कागद उलगडला. साइटचा नकाशा साधा असतो. एक चौकोन, त्याच्या चार बाजूंना मापं, आणि प्रत्येक बाजूला काय आहे ते लिहिलेलं. मापं मीटरमध्ये होती, नऊ बाय बारा. बोलताना सगळं मैसूर तीस-चाळीस म्हणतं, पण नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट आणि बारा मीटर म्हणजे एकोणचाळीस फूट चार इंच. पहिला अर्धा फूट तिथंच गेला.

"हे बघा, तीस नाहीत तुमच्याकडे."

"अर्ध्या फुटाचं काय घेऊन बसलीस, सुम्ने, उगीच."

मग मी चार बाजूंची नावं वाचली. पश्चिमेला शेजारची साइट. दक्षिणेला शेजारची साइट. पूर्वेला रस्ता. उत्तरेला रस्ता.

मी पुन्हा वाचलं. उत्तरेला रस्ता, सहा मीटर रुंद.

"मामा, उत्तरेला रस्ता आहे?"

"कुठला रस्ता? तिथं काँग्रेस गवत आहे, छातीएवढं. म्हशी बांधतात. मी तर तिथून कधी कुणी जाताना बघितलं नाही."

"कागदावर रस्ता आहे."

"कागदावर असेल."

इथं मला त्यांना नीट सांगावं लागलं आणि मी सांगितलं, पण माझा आवाज चढला हे मलाच कळत होतं. साइटवर घर बांधायचं म्हणजे चारही बाजूंना ठराविक जागा मोकळी सोडायची असते. तिला कुणी सेटबॅक म्हणतात, कुणी मार्जिन. ती मोजायची साइटच्या हद्दीपासून घराच्या बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत. गटारापासून नाही, रस्त्याच्या कडेपासून नाही. या साइटला रस्त्याच्या बाजूला दीड मीटर सोडायचं होतं आणि बाकीच्या बाजूंना एक-एक मीटर. मामांनी पूर्वेला दीड सोडलं, ते बरोबर. पण कोपऱ्याच्या साइटला ज्या दोन बाजूंना रस्ता, त्या दोन्ही बाजू समोरच्या धरतात. गवत वाढलंय की डांबर पडलंय, हे कुणी विचारत नाही. म्हणजे उत्तरेलाही दीड.

मी निळी पेन्सिल घेतली आणि चौकोनाच्या आत पूर्वेकडून दीड मीटरवर एक तुटक रेघ ओढली, उत्तरेकडून दीडवर दुसरी, पश्चिमेकडून एकवर, दक्षिणेकडून एकवर. चार रेघा मिळून आत जो लहान चौकोन झाला, तेवढ्यातच घर. बारातून दीड आणि एक गेले, राहिले साडेनऊ मीटर, म्हणजे एकतीस फूट दोन इंच. ते ठीक होतं. नऊतून दीड आणि एक गेले, राहिले साडेसहा. फुटात एकवीस फूट चार इंच.

"तेवीस नाही बसत," मी म्हटलं. "तुमच्या हिशेबानं दोन्हीकडे एक-एक मीटर सोडलं असतं तरी सात मीटरच उरत होते. तेवीस तेव्हाही अर्धा इंच बाहेर होतं."

मामा कागदावर वाकले. त्यांनी आपलं बोट निळ्या रेघेवर ठेवलं आणि हळूहळू चारही कडांवरून फिरवलं. छापणारी माणसं कापड टेबलावर पसरल्यावर काठ असाच चाचपून बघतात. लुगड्याला एकच पदर असतो, मोठा काठ एका टोकाला आणि बाजूचे दोन लहान. मामांनी साइट तशी वाचली होती. पूर्वेला पदर, बाजूला काठ. या लुगड्याला दोन पदर होते, आणि तेही शेजारी-शेजारी.

"ईशान्येचा कोपरा म्हणून घेतली ग ही साइट," ते म्हणाले. "दोन्हीकडून वारा येतो म्हणून."

"वारा येईलच."

हे मी बोलले ते चांगलं बोलले नाही. पण मलाही चीड आली होती, त्यांच्यावर नाही, त्या गवताच्या रस्त्यावर.

आणि अजून वाईट बातमी होती. बाहेरचा जिना मामांनी उत्तरेच्या मार्जिनमध्ये दाखवला होता. तिथं जिना चालत नाही. मार्जिन म्हणजे जमिनीपासून आभाळापर्यंत मोकळं. वर थोडाफार छज्जा पुढं येऊ शकतो, पण चढून जायच्या पायऱ्या नाहीत. म्हणजे वरची खोली हवी तर जिना घराच्या आत घ्यायचा, आधीच दोन फूट कमी झालेल्या घराच्या आत.

मामा उठले. ते बसलेच नव्हते, तरी उठले असंच वाटलं. म्हणाले, "इरली, असू दे. मी बघतो." आणि गेले.

बघतो म्हणजे काय, ते पुढच्या दिवसांत सगळ्या विजयनगराला कळलं. मामा जो भेटेल त्याला विचारत सुटले. बहुतेकांनी एकच सांगितलं, बांधा हो, कोण बघतंय. साइटच्या समोरच्यानं तर घर थेट गटारावर नेलं होतं आणि वर जिनाही बाहेर काढला होता. पुनीत मेस्त्री म्हणाला, मामा, मी तेवीसवरच खोदतो, नंतर काही झालं तर दंड भरून मिटवतात. मामा दुपारी दुकान उघडं टाकून बोगादीला जायचे, त्या गवताकडे बघत उभे राहायचे आणि परत यायचे. रात्री छपरावरून त्यांच्या चपला ऐकू यायच्या. तिकडून इकडे, इकडून तिकडे. आईला झोप लागेना. मलाही लागेना, पण मी मान्य केलं नाही.

मग एका संध्याकाळी ते खाली आले.

"नमिता, तू तेवीस काढून सही कर. नंतर मी बघून घेईन."

"नाही."

"समोरच्याची सही कुणीतरी केलीच असेल."

"त्यानं मंजुरीला एक दाखवलं असेल आणि बांधलं दुसरं. तुम्हाला तसं करायचं असेल तर करा. मी चुकीच्या मापावर सही करणार नाही. आणि मामा, कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस पायाच्या वेळी येऊन मोजणार आहे. तिथंच अडलं तर? अर्धी भिंत उभी आणि मामी वरच्या माळ्यावर?"

मामा वळले. दारापर्यंत गेले, परत आले.

"ठशाचं टोक काठावर चढलं ना," ते म्हणाले, "की बाबा ते कापड बाजूला टाकायचे. दुसऱ्या कुणाला दिसायचंही नाही. त्यांना दिसायचं." थोडं थांबून म्हणाले, "मी टाकायचो नाही. मी विकायचो."

 मी म्हटलं, "एकतीस बाय एकवीस घ्या. बाकी तीन. सिंहाय."

"जोयिसांना विचारलं मी. तेही तेच म्हणाले." म्हणजे त्यांनी आधीच विचारलं होतं. माझ्याकडे ते फक्त भांडायला आले होते, आणि मला त्याचं बरं वाटलं.

मग मी रात्रंदिवस त्या एकतीस बाय एकवीसमध्ये डोकं घातलं. बाहेरच्या भिंती नऊ-नऊ इंचाच्या, त्या मार्जिनमधून नाही, घरातूनच जातात. आत रुंदीला साडेएकोणीस फूट राहिले. हॉल कापला. स्वयंपाकघर कापलं. देवघर भिंतीतल्या कोनाड्यात नेलं आणि मामांनी त्यावर फक्त एकदा हुंकार भरला. मामींची खोली पलंग, वॉकर आणि कपाट एवढ्यावर आणली. पण जिना आत आला की तीन फूट एका पट्ट्यात खाऊन टाकायचा, आणि कसाही फिरवला तरी मामींच्या न्हाणीला रुंदीत चार फुटांवर काही उरत नव्हतं. तिला पाच हवे होते. वॉकरसकट वळायला तेवढे लागतातच, मी मोजून बघितलं होतं.

मी मामांना दोन नकाशे दिले. एकात जिना, न्हाणी चार फूट. दुसऱ्यात न्हाणी पाचाहून जास्त आणि जिना नाही. टाकी साफ करायला मागच्या भिंतीला एक लोखंडी शिडी, बस. वर खोली नाही.

"असा कसा जिना नाही?" मामा म्हणाले. "पवन आल्यावर?"

"पवन येणार आहे?"

"मुलगा आहे. कुठं जाईल?"

ते दुसरा नकाशा बघेचनात. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, एक कड बाहेर दिसेल असा, आणि पहिला हातात धरून ठेवला. चार फुटात जमेल, म्हणाले. दार बाहेरच्या बाजूला उघडू. वॉकर जरा तिरका धरायचा. मामा एवढं बोलल्यावर मला राग आला, आणि मी म्हटलं, तुम्ही त्यात वॉकर घेऊन एकदा फिरून दाखवा. ते म्हणाले, मी कशाला, कमलाक्षी फिरेल.

म्हणून पूजेच्या आधीच्या रविवारी मामींना साइटवर आणलं. दोघांनी खुर्ची उचलून जिन्यावरून खाली आणली, रिक्षात बसवलं.  बोगादीच्या रस्त्याला लागल्यावर मामी म्हणाल्या, "इथं एवढी घरं झाली? मी बघितलं तेव्हा शेतं होती." त्यांनी ती साइट घेतल्यापासून पहिल्यांदाच बघितली.

मामांनी पहाटेच येऊन रांगोळी काढली होती. एकतीस बाय एकवीस, माझ्या पहिल्या नकाशाप्रमाणे, जिन्यासकट. सगळ्या भिंती दुहेरी रेघांनी, दारं मोकळी. जिन्याच्या पायऱ्या एकेक आडवी रेघ ओढून काढल्या होत्या. पुनीतनं चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी बांधली होती आणि दोरीच्या बाहेर उत्तरेला दीड मीटरची मोकळी पट्टी, तिच्यापुढं ते गवत.

मामा दारात उभे राहिले. "या," म्हणाले. "उजवं पाऊल."

मामी वॉकर पुढं टाकत आत आल्या. मामा त्यांच्या बाजूनं बोलत चालले, हा हॉल, इथं टीव्ही, इथं तुझी खुर्ची, इथून समोरचा रस्ता दिसेल. मामी हं हं करत होत्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं. स्वयंपाकघरात त्या थांबल्या आणि ओट्याच्या जागी हात फिरवला, हवेतच. मग खोलीत. मग न्हाणीत.

वॉकर आत गेला. मामी आत गेल्या. आता वळायचं होतं. त्यांनी वॉकर उचलून डावीकडे टाकला, त्याचे पुढचे दोन पाय भिंतीच्या रेघेवर पडले. पुन्हा उचलला, जरा मागं घेतला, तिरका केला. एक पाय रेघेच्या पलीकडे पायऱ्यांत गेला. रांगोळी पुसली. मामा म्हणाले, जरा असा धर. मामींनी तसा धरला. पुन्हा पायऱ्यांत गेला. त्या दमल्या आणि थांबल्या. कपाळावर घाम आला होता.

"हे पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जिना."

"कुणाला?"

"पवनला. वर त्याची खोली."

मामींनी वॉकरचा पाय पायऱ्यांच्या रेघांवरून मागं घेतला.

"त्याला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय?"

"नमिता," मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, म्हणजे मान वळवून, कारण बाकी वळायला जागा नव्हती, "लाव ग त्याला फोन. आवाज मोठा ठेव."

मी लावला. मला त्यात पडायचं नव्हतं, पण मामींचा आवाज असा होता की नाही म्हणता येईना. पवननं लगेच उचलला. तिकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"काय अम्मा? साइटवर आहात?"

"हो. अप्पांना विचारायचंय तुला काहीतरी."

मामांनी फोन घेतला नाही. मी धरून उभी राहिले. मामा घसा साफ करून म्हणाले, "अरे, जिना आत घ्यावा लागतोय. तो घेतला तर अम्माची न्हाणी बारीक होते. नाही घेतला तर वर तुझी खोली नाही. तू काय म्हणतोस?"

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"अप्पा," पवन म्हणाला, "आम्ही तिथं राहायला येणार नाही. मी मागंच सांगायला हवं होतं. पूजिताचं इथंच आहे सगळं, माझंही. सणाला येऊ ना, हॉलमध्ये झोपू. अम्माची न्हाणी नीट करा."

"हौदु," मामा म्हणाले. "बरोबर." आणि मग, "जेवलास का?"

"अजून नाही."

"जेव मग."

मी फोन बंद केला. पुनीत दोरीशी काहीतरी करत होता, नसलेली गाठ सोडवत होता. मामा मामींकडे बघत नव्हते.

"मला माहीत होतं," मामी म्हणाल्या. "तुम्ही दर रविवारी घरी येऊन वरची खोली सांगायचात. पडदे कुठले, खिडकी कुठं. तुम्हाला सांगताना इतकं बरं वाटायचं. मी कशी सांगू?"

मामांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलं नाही. मलाही रडू आलं. मी त्यांच्यावर इतके दिवस चिडले होते त्या सगळ्याची मला लाज वाटली, आणि त्याचवेळी पवनवर चीड आली, आणि तो खरं बोलला म्हणून तीही धरवेना.

मग मामा खाली वाकले. चप्पल काढली आणि हाताच्या तळव्यानं पहिली पायरी पुसली. दुसरी पुसली. तळाच्या पायरीपासून वर जात, एकेक. पांढरी पूड मातीत मिसळत गेली. शेवटची पुसून झाल्यावर तिथं नुसती जमीन राहिली, तीन फूट रुंद, आणि पुनीतनं न सांगताच न्हाणीची रेघ पलीकडे सरकवून पुन्हा ओढली.

मामींनी वॉकर उचलला. डावीकडे टाकला. पाऊल टाकलं, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला, आणि गोल फिरून दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणाला धरलं नाही.

"जमतं," त्या म्हणाल्या. "एकटीला जमतं."

"हो," मामा म्हणाले. ते अजून वाकलेलेच होते. पुसून झालेल्या जागेवरून त्यांचा तळवा पुन्हा पुन्हा फिरत होता, आणि मामी दारातून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या तरी ते पुसतच होते.